इसब म्हणून वर्षानुवर्षं औषध चालू, तरी चट्टा जात नाही: बायोप्सी का सांगतात? नेहमीचे प्रश्न

मी जळगावकडे स्किनची ओपीडी बघतो. चोपडा, अमळनेर, पारोळा, एरंडोल, तिकडून धुळ्याकडची पण माणसं येतात, आणि बायोप्सी हा शब्द काढला की अर्धे जण दुसऱ्याच दिवशी दुसरा डॉक्टर शोधतात. त्यात त्यांची वर्षं जातात. म्हणून लोक जे प्रश्न खरोखर विचारतात तेच इथे घेतलेत, आणि उत्तरं जरा मोकळेपणाने देतोय.

चट्टा चार वर्षं जुना आहे, ट्यूब लावली की बरा वाटतो, सोडली की परत येतो. हे इसबच ना?

बहुतेक वेळा हो, इसब किंवा नायटा यातलंच काहीतरी निघतं. आपल्याकडे तर नायट्याचा गोंधळ खूपच, कारण मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणारी ती तीन-चार औषधं मिसळलेली ट्यूब, तिच्यात स्टेरॉइड असतं, त्याने खाज दोन दिवसात थांबते पण बुरशी आतल्या आत पसरत राहते आणि तिचा चेहराच बदलून जातो. कडेची गोल रिंग दिसेनाशी होते आणि ते हुबेहूब इसबासारखं दिसायला लागतं. स्टेरॉइडची क्रीमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ मध्ये त्यांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, पण गावात ट्यूब आजही नाव सांगून मिळते.

पण काही थोड्या लोकांत हे इसबही नसतं, नायटाही नसतं. त्वचेत एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, टी-लिम्फोसाइट, हळूहळू गोळा होत असतात आणि हा त्वचेचा एक संथ लिम्फोमा, म्हणजे या पेशींचा कॅन्सर असतो, त्याचं नाव मायकोसिस फंगॉइड्स. दुर्मिळ आहे, हे आधीच सांगतो, घाबरू नका. पण तो सुरुवातीला दिसतो अगदी इसबासारखा, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून निदान व्हायला सरासरी तीनेक वर्षं तरी जातात. या पानावर मुख्यतः त्याच्याबद्दलच बोलणार आहे, कारण बायोप्सीचा सगळा खटाटोप त्याला पकडण्यासाठी असतो.

नावात मायकोसिस आहे म्हणजे बुरशीच ना? मेडिकलवाल्याने रिपोर्ट बघून अँटिफंगल गोळ्या दिल्या.

बुरशीशी काहीही संबंध नाही. १८०६ मध्ये अलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने अशा पेशंटच्या अंगावर वाढलेल्या गाठी बघितल्या, त्या अळंबीसारख्या दिसत होत्या, त्यावरून पुढे नाव पडलं आणि ते तसंच राहिलं. अँटिफंगलने हा आजार जात नाही, आणि पसरतही नाही एकाचा दुसऱ्याला, त्यामुळे घरातल्यांचे कपडे, टॉवेल वेगळे करायची गरज नाही.

डॉक्टरला कशावरून शंका येते? बघून तर सगळे चट्टे सारखेच.

जागेवरून. हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. मोठ्या माणसाचं इसब बहुतेक हातापायांवर, कोपराच्या-गुडघ्याच्या घडीत, मानेवर असतं, शेतात काम करणाऱ्याला गाजरगवताची ॲलर्जी असली तर चेहरा, मान, हात असे उघडे भाग पेटतात. मायकोसिस फंगॉइड्सचे चट्टे याच्या उलट, कपड्याखाली, जिथे ऊन लागत नाही तिथे: कुल्ल्यांवर, कमरेला, मांडीच्या आतल्या बाजूला, काखेच्या आसपास, बायकांमध्ये स्तनांवर. आपल्याकडच्या उन्हात शेतावर उघड्या अंगाने काम करणाऱ्याची पाठ साफ आणि धोतराखाली चट्टे, असं चित्र मी बघितलेलं आहे. ऊन या पेशींना दाबतं, म्हणून तर पुढे उपचारातही अल्ट्राव्हायोलेट प्रकाश वापरतात.

दुसरं म्हणजे पोत. चट्टा बोटांच्या मध्ये हलकेच धरून ढकलला की त्वचा चुरगळून सरळ केलेल्या पातळ कागदासारखी बारीक सुरकुतते, वर अगदी हलका कोंडा असतो. रंग लाल असेलच असं नाही, आपल्या सावळ्या कातडीवर तो तपकिरी, कधी जांभळट, आणि बऱ्याचदा फिकट पांढुरका दिसतो, मग लोक शिबं किंवा कोड समजून बसतात. एकाच माणसाच्या अंगावर वेगवेगळ्या आकाराचे चट्टे, त्यातले काही ५ सेंटिमीटरपेक्षा मोठे, हे पण बघतो. खाज मात्र फसवते, कोणाला झोप लागू देत नाही इतकी असते आणि कोणाला अजिबात नसते.

आणि तिसरं, इतिहास. लहानपणी कधी इसब नाही, दमा नाही, शिंका नाहीत, घरात कोणाला ॲलर्जी नाही, आणि पंचेचाळीस-पन्नाशीत अचानक इसब सुरू झालं आणि संपेचना, तर मी थांबतो आणि परत पहिल्यापासून विचार करतो.

मग सरळ पहिल्याच दिवशी बायोप्सी का नाही करत?

कारण आधी स्वस्त आणि सोप्या तपासण्यांनी नेहमीचे आजार बाजूला काढायचे असतात. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून त्यावर केओएचचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बुरशी बघतात, त्याला काही मिनिटं लागतात. कापसाच्या टोकाने चट्ट्यावर स्पर्श कळतो का बघतात, कारण फिकट चट्टा आणि बधिरपणा म्हटलं की कुष्ठरोग डोक्यात यायलाच पाहिजे, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. घरात अजून कोणाला खाज आहे का विचारतात, म्हणजे खरूज कळते. मग व्यवस्थित डोसचा, व्यवस्थित दिवसांचा एक उपचार देऊन बघतात. हे सगळं करूनही चट्टा त्याच जागी परत उगवला, तर आता अंदाजावर औषध बदलत बसण्यात अर्थ नाही, तुकडा काढून बघावा लागतो.

एक अपवाद. सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी किंवा ड्युपिलुमॅबसारखं इसबाचं नवीन इंजेक्शन सुरू करायचं ठरत असेल आणि पेशंट मोठ्या वयाचा, चट्टे अशा विचित्र जागी असतील, तर माझं मत स्पष्ट आहे, आधी बायोप्सी. इसब समजून ही औषधं दिली आणि आत लपलेला लिम्फोमा उघडा पडला, वाढला, अशा केसेस जगभर नोंदल्या गेल्यात.

एखादी खरी केस सांगाल का? म्हणजे नीट कळेल.

सांगतो, ओळख पटणार नाही एवढं बदलून. अमळनेर तालुक्यातले एक आप्पा, वय चोपन्न, कापूस आणि थोडी ज्वारी. आले तेच म्हणत, "डाक्टर, हाई गजकरन काही जास नही." पाच वर्षं झाली होती. उजव्या कुल्ल्यावर हातभर नाही पण तळहातापेक्षा मोठा एक चट्टा, कमरेला दोन, डाव्या मांडीला आतून एक. पिशवीत रिकाम्या ट्यूबांचा ढीग, अँटिफंगल गोळ्यांचे दोन कोर्स झालेले, तेल-लेप पण झालेले. लाज वाटायची म्हणून आधीच्या दोन डॉक्टरांना त्यांनी फक्त कमरेचाच चट्टा दाखवला होता. हे फार होतं, म्हणून सांगतो, चट्टे कुठेही असोत, सगळे दाखवा, सोबत मुलगा-सून असतील तर त्यांना बाहेर बसायला सांगा पण कपडे काढून दाखवा.

कोंडा तपासला, बुरशी नाही. स्पर्श व्यवस्थित. बायोप्सी घेतली, कमरेच्या चट्ट्यातून एक तुकडा, रिपोर्ट आला क्रॉनिक डर्मॅटायटिस, म्हणजे जुनाट सूज, लिम्फोमाची चिन्हं नाहीत. आप्पा खूश झाले आणि दिसेनासे झाले. नंतर कळलं की बायोप्सीच्या आदल्या रात्रीपर्यंत ते स्टेरॉइडची ट्यूब लावत होते.

आठ महिन्यांनी परत आले तेव्हा मांडीचा चट्टा पसरला होता आणि कातडी सुरकुतायला लागली होती. या वेळी ट्यूब तीन आठवडे पूर्ण बंद ठेवायला लावली, फक्त साधं व्हॅसलिन आणि रात्री खाजेची गोळी. मग कुल्ल्यावरचा सगळ्यात जुना चट्टा आणि मांडीवरचा सुरकुतलेला चट्टा, दोन्हीकडून तुकडे घेतले, आणि पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर स्पष्ट लिहिलं की पाच वर्षं जुने, झाकलेल्या भागातले चट्टे आहेत, मायकोसिस फंगॉइड्सची शंका आहे. स्लाइडमध्ये वरच्या थराच्या अगदी तळाशी लिम्फोसाइट रांगेने चिकटून बसलेले दिसले, आणि इसबात जी सूज, पाणी साठलेलं दिसतं ते मात्र जवळजवळ नव्हतं. त्यावरून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री केली, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंग देऊन बघितल्या, त्या पेशी सीडी३ आणि सीडी४ या टी-पेशींच्या खुणांना पॉझिटिव्ह निघाल्या आणि साध्या टी-पेशींवर सहसा दिसणारी सीडी७ ची खूण गायब. निदान पक्कं झालं.

आप्पांच्या अंगाचा सगळा मिळून साधारण ६ टक्के भाग होता (स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर तो अंदाजे १ टक्का, तसं मोजतात), काखेत-जांघेत गाठ नाही, रक्त ठीक. म्हणजे स्टेज वन ए, सगळ्यात पहिली पायरी.

पहिला रिपोर्ट नॉर्मल आला होता म्हणजे लॅब चुकली का?

नाही हो. सुरुवातीच्या काळात या आजाराच्या पेशी इतक्या कमी आणि इतक्या साध्या दिसतात की एका तुकड्यात त्या इसबाच्या सूजेपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत, भल्याभल्या पॅथॉलॉजिस्टला पण. त्यात स्टेरॉइड लावलेलं असेल तर त्या पेशी तात्पुरत्या पांगलेल्या असतात. म्हणून रिपोर्टमध्ये "क्रॉनिक डर्मॅटायटिस" आलं याचा अर्थ त्या दिवशी त्या तुकड्यात काही पक्कं दिसलं नाही, एवढाच. चट्टा तसाच राहिला तर सहा महिन्यांनी-वर्षाने परत बायोप्सी, आणि मग अजून एकदा, असं करणं नेहमीचं आहे. डॉक्टर पैसे काढतोय असं वाटून तिथेच सोडू नका.

बायोप्सीच्या आधी काय बंद करायचं?

लावायचं स्टेरॉइड दोन ते चार आठवडे बंद, तेही डॉक्टरांना विचारून. पण पोटातून प्रेडनिसोलोनसारखी गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याने चक्कर, बीपी उतरणं असले गंभीर त्रास होऊ शकतात. तसंच हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर फक्त सांगा, मनाने थांबवू नका, एवढ्याशा बायोप्सीसाठी ती बहुतेक वेळा थांबवावी लागत पण नाही. शुगर असली तरी बायोप्सी होते.

आणि एक, ज्या जागेवर लेप, हळद, चुना काहीबाही लावून कातडी भाजलेली असेल ती जागा उपयोगाची राहत नाही, तिथे स्लाइडवर फक्त भाजल्याची सूज दिसते.

दुखतं का? ॲडमिट व्हावं लागतं का?

ॲडमिट नाही, ओपीडीतच होतं. लिग्नोकेनची भुलीची सुई दिली की ती अर्धा मिनिट झोंबते, नंतर फक्त दाब कळतो. मग गोल धार असलेल्या पंचने ४ मिलिमीटरचा, कधी ६ मिलिमीटरचा तुकडा काढतात, एक-दोन टाके घालतात, पट्टी. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम. कुल्ल्यावर-मांडीवर टाके काढायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पहिला दिवस जागा कोरडी ठेवा. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये घामानेच पट्टी भिजते, म्हणून त्या दिवसात केली तर पट्टी बदलायला जास्तीची मागून घ्या, आणि टाके निघेपर्यंत मोटरसायकलवर लांब जाऊ नका, कुल्ल्यावरचा टाका घासून सुटतो.

तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत ठेवतात. तालुक्याहून जिल्ह्याच्या लॅबला पेशंटलाच डबी न्यायला सांगतात कधीकधी. ती उघडायची नाही, फ्रीजमध्ये ठेवायची नाही, त्यात स्पिरिट किंवा पाणी टाकायचं नाही, आणि डबीवर नाव आणि कुठल्या जागेचा तुकडा आहे ते लिहिलंय का एकदा स्वतः बघायचं, दोन डब्या असतील तर जास्तच.

सुरी लागली की कॅन्सर पसरतो म्हणतात आमच्याकडे.

हे मी रोज ऐकतो, आणि यामुळे लोकांचं खरंच नुकसान होतं म्हणून ठासून सांगतो: बायोप्सीने हा आजार पसरत नाही. पेशी आधीच त्वचेत वेगवेगळ्या ठिकाणी असतात, एक तुकडा काढल्याने त्या सांडत नाहीत की वाढत नाहीत. उलट बायोप्सी टाळून चुकीचं औषध घेत राहिल्याने वर्षं वाया जातात.

बायोप्सीत दुसरं काही निघू शकतं का?

बऱ्याचदा दुसरंच निघतं. पीएएस नावाचा रंग दिला की कोंड्यात न सापडलेली बुरशी स्लाइडवर दिसून जाते, आणि मग सहा वर्षांचा "इसब" नीट अँटिफंगलने जातो. सोरायसिस निघतो, कुष्ठरोगाच्या गाठी दिसतात, औषधाची रिॲक्शन निघते. कधी पॅथॉलॉजिस्ट नुसतं "शंकास्पद" लिहितात, मग टी-सेल रिसेप्टर जीनची तपासणी करतात, त्यात गोळा झालेल्या पेशी एकाच पेशीची पिल्लं आहेत का कळतं. ती मोठ्या शहरातल्या लॅबला जाते, रिपोर्टला वेळ लागतो, आणि एकटीवर निदान करत नाहीत कारण काही साध्या आजारात पण ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

लिम्फोमा निघाला. आता केमो? आणि किती दिवस उरले?

पहिल्या स्टेजला केमोपासून सुरुवात करत नाहीत. कडक स्टेरॉइडची क्रीम (हो, तीच, पण आता निदान माहिती असताना आणि डॉक्टरच्या नजरेखाली) आणि नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे प्रकाशाच्या पेटीत आठवड्यातून दोन-तीनदा उभं राहायचं, सुरुवातीला काही सेकंद, मग हळूहळू वाढवत, असे काही महिने. आप्पांचे चट्टे चौथ्या महिन्यात बरेचसे उतरले. त्यांची खरी अडचण गाडीभाड्याची आणि मजुरी बुडण्याची होती, आठवड्यातून तीनदा एसटीने येणं-जाणं, कापूस वेचणीच्या दिवसात तर नकोच. म्हणून मी लोकांना आधीच विचारतो की तुम्हाला किती वेळा येणं जमेल, आणि त्याप्रमाणे प्लॅन करतो. छतावर उघडं बसून ऊन घेणं हा याला पर्याय नाही, मे मधल्या उन्हात त्वचा भाजेल आणि डोस मोजताच येणार नाही.

आयुष्याचं विचाराल तर स्टेज वन ए मधल्या माणसांचं आयुष्य साधारण त्यांच्या वयाच्या इतर लोकांएवढंच असतं. आजार पूर्ण मुळापासून जातोच असं नाही, परत येऊ शकतो, म्हणून दर काही महिन्यांनी तपासणी चालू राहते. चट्ट्याच्या जागी जाड गाठ वर आली, ती फुटून जखम झाली, सगळं अंग लाल झालं किंवा काखेत-जांघेत गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच यायचं. अशा पुढच्या स्टेजला कॅन्सरच्या डॉक्टरांची टीम लागते, मुंबईत परळला टाटा हॉस्पिटल आहे, तिथे जायचं ठरलं तर आम्ही पत्र देतो. खर्चाचं, महात्मा फुले योजनेत आपला उपचार बसतो का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

दुसरं मत घ्यायचंय. परत तुकडा काढावा लागेल का?

बहुतेक नाही. तुमचा तुकडा लॅबने मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, त्यातूनच स्लाइड कापतात आणि नंतर पण इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, जीनची तपासणी त्यातूनच होते. लॅबकडे अर्ज करून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागा, सोबत रिपोर्टची कॉपी, आणि चट्ट्यांचे मोबाइलवर काढलेले जुने-नवे फोटो, कारण स्लाइड बघणाऱ्याला चट्टा कसा होता हे कळलं तरच तो नीट मत देऊ शकतो. ब्लॉक कापसात गुंडाळून कडक डबीत ठेवा. आणि उन्हाळ्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर तर अजिबात ठेवू नका, ते मेण ५५-६० डिग्रीला वितळतं आणि आमच्याकडे मे महिन्यात उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड तेवढा तापतो, ब्लॉक वितळून तुकडा हलला तर मात्र परत टाके घालायची वेळ येते.